एकच औषध, दोन रात्री: चिकूच्या तापाची केस

मी पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, पंधरा वर्षं होत आली, तापाची पोरं रोज बघते. पण ही केस वॉर्डातली नाही, माझ्या माहेरची आहे, कराडची. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, त्याला चिकू म्हणूया, वय चार वर्षं, वजन १४ किलो (हे वजन लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब त्याच्यावरच आहे). जानेवारी महिना. मंगळवारी रात्री त्याला आयबुप्रोफेन दिलं ते बरोबर होतं आणि गुरुवारी संध्याकाळी तेच औषध, तेवढंच, त्याच पोराला दिलं ते चुकलं. दोन्ही वेळा थर्मामीटरवर आकडा सारखाच होता, १०३. मग फरक कशात होता, तेच लिहायचंय.

मंगळवारी दुपारपासून अंग गरम, घसा लाल, गिळताना रडत होता. संध्याकाळी सहाला डॉक्टरांकडे नेला, ते म्हणाले व्हायरल वाटतंय. दोन औषधं लिहून दिली. पहिलं पॅरासिटामॉल, ५ एमएलमध्ये २५० एमजीवालं, ४ एमएल, सहा-सहा तासांनी. दुसरं साधं आयबुप्रोफेन, ५ एमएलमध्ये १०० एमजी, ते ५ एमएल, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं ‘गरज पडली तरच, खाऊन’. हिशोब सोपा आहे, आयबुप्रोफेन किलोमागे एका वेळी ५ ते १० एमजी, म्हणजे १४ किलोला ७० ते १४० एमजी, डॉक्टरांनी मधला १०० धरला. पाच एमएल बघून शेजारच्या काकूंनी लगेच सांगितलं की आमच्या नातवाला पण ५ एमएलच दिलं होतं, तर त्यांचा नातू नऊ किलोचा आहे! एमएल बघून डोस सांगणारी माणसं बघितली की मला धडकी भरते, कारण बाटलीवरची ताकद वेगळी असते आणि पोराचं वजन वेगळं असतं.

रात्री नऊला पॅरासिटामॉल दिलं. सव्वाअकराला भावजयीचा फोन, ताई १०३ आहे, उतरतच नाहीये, घसा दुखतोय म्हणून रडतोय, झोपत नाही, दुसरं देऊ का. मी आधी औषधाचं काहीच बोलले नाही, विचारलं शू कधी केली? म्हणाली दहाला, चांगली भरपूर. उलटी? नाही. जुलाब? नाही. पाणी पितोय का? घोट घोट पितोय, घसा दुखतो म्हणून जास्त नाही. म्हटलं मग अर्धा कप कोमट दूध दे, बिस्कीट बुडवून खाल्लं तर बघ, पाच-दहा मिनिटं पोटात टिकलं की औषध दे. दीड बिस्कीट खाल्लं त्यानं, साडेअकराला ५ एमएल दिलं.

देताना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला ते बरं झालं. ती बाटली न हलवता सरळ चमच्यात ओतत होती, चमचा कुठला तर आमटीचा! हे औषध सस्पेन्शन आहे, म्हणजे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कण तरंगत असतात आणि बाटली ठेवून दिली की तळाला बसतात. न हलवता दिलं की सुरुवातीचे डोस पाणचट आणि बाटली संपत आली की शेवटचे डोस कडक, मग घरचे म्हणतात औषध आधी लागू पडत नव्हतं आता पडायला लागलं. आणि घरातला चमचा कुठला ३ एमएलचा निघतो कुठला ८ चा. त्यांच्याकडे बाटलीसोबत आलेलं मापाचं टोपण होतं, ते फ्रिजवर पडलेलं. पुढच्या वेळेसाठी सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज आणायला सांगितली, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात थेट पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो.

रात्री एकला ताप १०१ झाला, घाम आला, पोरगं झोपलं. इथंपर्यंत सगळं छान. साडेतीनला परत फोन, आता भाऊ होता, ताई परत १०१.४ झालाय, परत देऊ? मी म्हटलं पोरगा काय करतोय? म्हणाला झोपलाय. झोपलाय तर झोपू दे ना बाबा, तापाला कशाला उठवतोस.

आता इथं थोडं थांबते, कारण अंतराची चूक इथंच होते. लोकांना वाटतं ताप परत चढला म्हणजे औषधाचा असर संपला म्हणजे पुढचा डोस द्यायची वेळ झाली. तसं नाही. आयबुप्रोफेनचं घड्याळ दिल्याच्या वेळेपासून चालतं, ताप चढल्याच्या वेळेपासून नाही. साडेअकराला दिलं तर पुढचं लवकरात लवकर साडेपाचला, म्हणजे किमान सहा तास, आठ असतील तर आणखी चांगलं, आणि चोवीस तासांत तीनदा बास. ताप आधीच चढला तर त्याचा अर्थ इन्फेक्शन अजून जोरात आहे एवढाच, औषध शरीरातून गेलं असा नाही. शिवाय हे औषध ताप ९८ वर आणायला देतच नाहीत. १०३ चा १०१ झाला, पोरगं हसलं, दोन घोट प्यायलं, झोपलं, काम झालं. १०१ ला शांत झोपलेल्या पोराला औषधाची गरज नसते.

मग मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावलं. तारखेच्या चौकोनात ‘प ९.००’, ‘आ ११.३०’. घरात तीन माणसं औषध देणारी, आई, भाऊ, भावजय, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं दिलं नाही. आईनं आधी नाक मुरडलं, आम्ही काय कॅलेंडर बघून पोरं वाढवली का, पण लिहिलं तिनं, अक्षर सगळ्यात चांगलं तिचंच.

बुधवारी वेगळाच घोळ झाला. साध्या आयबुप्रोफेनची बाटली बेसिनमध्ये पडून फुटली, भाऊ मेडिकलमध्ये गेला, फुटलेल्या बाटलीचं नाव अर्धंमुर्धं सांगितलं आणि तिकडून जी बाटली आली तिचा रंग तोच, नाव जवळजवळ तेच, पुढे फक्त ‘प्लस’. ह्या प्लसमध्ये ५ एमएलला आयबुप्रोफेन १०० एमजी तर आहेच, वर पॅरासिटामॉल १६२.५ एमजी पण आहे. म्हणजे चिकूला सकाळी सातला पॅरासिटामॉल २००, दुपारी एकला २००, आणि दोनला ‘आयबुप्रोफेन’ म्हणून जे दिलं त्यातून आणखी १६२. रात्री आठला परत दोन्ही द्यायची तयारी चाललेली. मी सहज म्हटलं नव्या बाटलीचा फोटो टाक, समोरचा नको, मागचा, जिथं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात तो. फोटो बघितला आणि ड्युटीवर होते तिथून बाहेर येऊन फोन केला.

किलोमागे दिवसाला ६० एमजी ही पॅरासिटामॉलची मर्यादा धरली तर चिकूची ८४० होते. तोपर्यंत ५६२ गेलेलं, रात्री दोन्ही दिलं असतं तर ९२४. एका दिवसात लिव्हर खराब होतं असं नाही, पण असं तीन-चार दिवस चाललं आणि पोरगं काही खात नसलं तर आम्ही वॉर्डात बघितलंय काय होतं ते. भाऊ म्हणाला पण मी अंतर ठेवूनच देत होतो. हो रे, पण तू दोन बाटल्यांचं अंतर मोजत होतास, आतल्या औषधांचं नाही. प्लस कपाटात वरच्या फळीवर गेलं, साधं परत आणलं.

आणि गुरुवार.

सकाळी अकरापासून उलट्या सुरू झाल्या, दुपारी जुलाब. त्या दिवशी मला कुणी फोन केला नाही कारण सगळ्यांना वाटलं आता आपल्याला जमतंय. संध्याकाळपर्यंत चार उलट्या, सहा पाण्यासारखे जुलाब. साडेपाचला ताप परत १०३. भावानं कॅलेंडर बघितलं, शेवटचं आयबुप्रोफेन आदल्या रात्री अकराला, म्हणजे अठरा तास झालेले, अंतर एकदम पास, बाटली हलवली, सिरिंजनं मोजून ५ एमएल दिलं. सगळे नियम पाळले बिचाऱ्यानं! फक्त पोटात सकाळपासून काही टिकलं नव्हतं. भावजय म्हणाली होती म्हणे, काहीतरी खायला देऊ आधी, तर भाऊ म्हणाला खातोय कुठं तो, ताप उतरला की खाईल.

साडेसातला तिचा फोन आला, आणि आवाजात काळजी नव्हती, उलट बरं वाटत होतं, ताई ताप १०० वर आला, शांत पडलाय, पोटात दुखतंय म्हणतोय थोडं, रात्री साडेअकराला पुढचं देऊ ना? मी नेहमीचा प्रश्न विचारला, शू कधी केली शेवटची?

ती गप्प झाली. मग आईला विचारलं, आईनं भावाला विचारलं. हिशोब लागला तो सकाळी आठचा, उठल्यावर. साडेअकरा तास.

शांत पडलाय हे ऐकून घरच्यांना बरं वाटतं आणि आम्हाला भीती वाटते. व्हिडिओवर घ्यायला लावलं. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, जीभ बाहेर काढ म्हटलं तर चिकट. रडवलं मुद्दाम, म्हणजे आजीनं हातातली गाडी काढून घेतली, तर तोंड वाकडं केलं पण डोळ्यात पाणी नाही. पोटाची कातडी दोन बोटांनी चिमटीत धरून सोडायला लावली, लगेच सपाट व्हायला पाहिजे ती हळू गेली. पाणी दाखवलं की मात्र वाटीवर झडप. म्हणजे पाणी कमी झालंय, पण पोरगं शुद्धीवर आहे, अजून वेळ आहे. म्हटलं आयबुप्रोफेनची बाटली बंद, ओआरएस एक-एक चमचा दर मिनिट-दोन मिनिटाला चालू, आणि गाडी काढा, दवाखाना.

भाऊ चिडला. म्हणाला तूच तर मंगळवारी दे म्हणालीस, तेच औषध तेवढंच दिलं, आता विष झालं का ते? प्रश्न बरोबरच होता त्याचा, आणि तो गाडीत असताना फोनवर त्याला जे सांगितलं ते इथं सांगते.

शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं एक रसायन असतं, ते जागोजागी वेगवेगळी कामं करतं. मेंदूत ते तापाचं बटण वर करतं, आयबुप्रोफेन ते बनणं थांबवतं म्हणून ताप उतरतो. पण औषधाला फक्त मेंदूत जायचं कळत नाही. जठरात हेच रसायन आतल्या अस्तराचा चिकट थर राखतं, म्हणून उपाशीपोटी, ते पण वारंवार, दिलं की पोट जळतं, दुखतं. आणि किडनीत ह्याचं काम फार महत्त्वाचं, पण ते रोज कळत नाही, पाणी कमी पडलं की कळतं. उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी गेलं की शरीर हातापायाच्या, सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळतं, मेंदू-हृदयाला रक्त पुरावं म्हणून. अशा वेळी किडनीकडे रक्त नेणारी बारीक नळी उघडी धरून ठेवायचं काम हे प्रोस्टाग्लॅन्डिन करतं. समजा गावात पाणीकपात आहे, वरून धार बारीक झालीये, आणि आपल्या नळाचा कॉक एक माणूस धरून उभा आहे म्हणून घरात थोडं तरी येतंय. आयबुप्रोफेन त्या माणसाला घरी पाठवतं. मंगळवारी पाणी भरपूर होतं, कॉकपाशी कुणी उभं नसलं तरी चाललं असतं. गुरुवारी नाही. पॅरासिटामॉल किडनीतल्या ह्या कामात फारसं लुडबुडत नाही, म्हणून जुलाबात तापाला तेच, योग्य मापात.

दवाखान्यात वजन भरलं १३.२ किलो, म्हणजे दोन दिवसांत ८०० ग्रॅम गेले, आणि दोन दिवसांत एवढी चरबी कुणाची जात नाही, ते पाणीच. आधी ओआरएसनं प्रयत्न केला, किलोमागे ७५ एमएल चार तासांत, म्हणजे त्याला जवळजवळ एक लिटर, पण तिथंही दोनदा उलटी झाली म्हणून सलाईन लावलं. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते, ०.९ आलं. मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर ०.९ बघून आपण पान उलटतो, भावानं पण तेच केलं, छापील रेंजमध्ये आहे ना म्हणाला. ती रेंज मोठ्यांची. चार वर्षांच्या पोराचं साधारण ०.३ ते ०.५ असतं, म्हणजे ह्याचं दुप्पट झालेलं.

ह्यातलं किती पाणी कमी झाल्यामुळे आणि किती आयबुप्रोफेनमुळे, हे मी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्या म्हणाल्या वेगळं करून सांगता येणार नाही, नुसत्या जुलाबानंही एवढं वाढू शकतं, एका डोसवर सगळं ढकलू नका, पण त्या डोसनं मदत तर नक्कीच केली नाही, आणि रात्री साडेअकराचा दुसरा गेला असता तर मला आवडलं नसतं. मला हे उत्तर पटलं. भावाला अर्धंच पटलं, तो अजून म्हणतो एका डोसनं काय होतंय.

एक गोष्ट मात्र त्या डोसनं पक्की केली, ताप उतरवून सगळ्यांना निवांत केलं. पोरगं सुकत चाललेलं आणि थर्मामीटर १०० दाखवतोय म्हणून घर खूश. माझ्या मते घरच्या घरी हा धोका किडनीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

रात्री दोनला शू झाली, गडद पिवळी, थोडीशी. भावजयीनं मला फोटो पाठवला त्याचा (नणंद नर्स असली की हे चालतं). सकाळपर्यंत अजून दोनदा, रंग फिका होत गेला. शनिवारी क्रिएटिनिन ०.४, रविवारी घरी. ताप शुक्रवारीही होता, पॅरासिटामॉलवर काढला. गुरुवारी रात्री एकदा पॅरासिटामॉल दहा मिनिटांत उलटीत बाहेर पडलं, औषधाचा रंग दिसत होता, म्हणून एकदाच परत दिलं. अर्धा तास होऊन गेल्यावर उलटी झाली असती तर परत दिलं नसतं, पुढच्या वेळेपर्यंत थांबलो असतो. भाऊ म्हणाला ती खालून ठेवायची सपोझिटरी मिळते ना, १७० एमजीची. मिळते, १४ किलोला डोस पण बसतो, पण दर अर्ध्या तासाला जुलाब होणाऱ्या पोराला ठेवली की पाच मिनिटांत चड्डीत सापडते.

‘खाऊन द्या’ ह्या सूचनेबद्दल माझं एक मत झालंय. डॉक्टर लिहितात, लोक त्याला जेवणानंतरच्या गोळीसारखं घेतात, पोटाला त्रास होऊ नये म्हणून, आणि पोरगं खात नसलं की ती सूचना सोडून देतात. खरं बघायला गेलं तर अर्ध्या कप दुधानं जठराला फार मोठं चिलखत मिळतं असंही नाही. पण मी ती सूचना चाचणी म्हणून वापरते. अर्धा कप दूध, दोन घास दहीभात किंवा अर्धं केळं, पोटात गेलं आणि टिकलं तर आयबुप्रोफेनचा विचार करायचा. नाही टिकलं तर ह्या पोराला आत्ता आयबुप्रोफेन द्यायचंच नाहीये, पोट दुखेल म्हणून नव्हे, तर त्याच्या अंगात पाणी जात नाहीये म्हणून. भूक नाही पण पितोय, शू होतेय, तो मंगळवारचा चिकू. पोटात काहीच राहत नाही तो गुरुवारचा.

आणि जानेवारी होता म्हणून मंगळवारी मी हो म्हटलं. जुलै ते नोव्हेंबरात, डेंग्यूच्या दिवसांत, डेंग्यू नाही असं कळेपर्यंत मी घरच्यांना आयबुप्रोफेनला हात लावू देत नाही, कारण ते प्लेटलेट्सचं काम बिघडवतं आणि डेंग्यूत रक्तस्रावाची भीती आधीच असते. कांजिण्यात पण नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, तीन महिन्यांच्या आत ताप आला तर घरी औषध शोधत बसायचंच नाही, सरळ दाखवायचं. दमा असलेल्या पोराला आधी डॉक्टरांना विचारून.

मार्चमध्ये चिकूचा कान दुखायला लागला, ताप १०२. डॉक्टरांनी परत तीच दोन औषधं लिहिली. रात्री पावणेदहाला भावजयीचा मेसेज आला, फोन पण नाही, मेसेज: ‘ताई शू ९ ला झाली, उलटी जुलाब नाही, दहीभात खाल्लाय वाटीभर, प ७ ला दिलंय, बाटलीच्या मागचं वाचलं साधंच आहे, ५ एमएल देऊ का’.

मी लिहिलं, दे. बाटली हलव.

तिचं उत्तर आलं, हलवली.